सोयाबीनच्या तक्रारीत आलेले तुरीचे पान

शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देणाऱ्या एका एआय मॉडेलची उत्तरे तपासणे हे लातुरातले माझे काम आहे. बहुतेक संभाषणे बाजारभाव, फवारणी आणि अनुदान यांभोवती फिरतात आणि ती वाचताना डोळे मिटू लागतात. नोव्हेंबरातले एक संभाषण मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

औसा तालुक्यातील एक शेतकरी सोयाबीनच्या विम्याबद्दल बराच वेळ विचारत होते. सप्टेंबरच्या पावसात शेतात पाणी साचले होते, त्यांनी ७२ तासांच्या आत सूचनाही दिली होती, पण पुढे काही हालचाल झाली नव्हती. पंचनामा, सूचनेचा क्रमांक, सातबारा असे सगळे बोलून झाल्यावर त्यांनी मध्येच एक छायाचित्र पाठवले आणि सोबत एक अक्षरही लिहिले नाही. मॉडेलने उत्तर दिले की, पाणी साचल्याने सोयाबीनची पाने पिवळी पडलेली दिसतात आणि हे छायाचित्र तक्रारीला पुरावा म्हणून जोडावे.

छायाचित्र तुरीचे होते. सोयाबीन आणि तूर या दोन्ही पिकांची पाने त्रिदली असतात हे खरे, पण सोयाबीनची पर्णिका रुंद आणि लवदार असते, तर तुरीची लांबट आणि टोकाकडे निमुळती. शिवाय पाणी साचल्याने येणारा पिवळेपणा आधी खालच्या जुन्या पानांवर येतो. येथे शेंड्याची कोवळी पाने लहान राहिली होती, त्यांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे होते, झाड झुडपासारखे दाटले होते आणि फुलोऱ्याचा हंगाम असूनही त्यावर एक फूल नव्हते. ही वांझ रोगाची, म्हणजे सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लक्षणे आहेत. आणखी साधी गोष्ट म्हणजे नोव्हेंबरात खरिपाचे सोयाबीन कापून, मळून झालेले असते. शेतात हिरवे सोयाबीन उभे असेलच कसे, हा प्रश्न आमच्याकडच्या शाळकरी मुलानेही विचारला असता.

आमच्या तांत्रिक विभागाने लगेच निदान केले की, मॉडेलला तूर ओळखता येत नाही, तेव्हा तुरीची छायाचित्रे वाढवावीत. कोणतीही चूक दिसली की हेच औषध सुचवण्याची त्या विभागाला सवय आहे. मी तेच छायाचित्र कोऱ्या संभाषणात टाकून पाहिले, तर पीक तूर असल्याचे आणि वांझ रोगाचा संशय असल्याचे उत्तर आले. म्हणजे ओळख येत होती, ती त्या संभाषणात झाकली गेली होती.

याचे कारण रचनेतच आहे. आमच्या मॉडेलमध्ये छायाचित्राचे लहान चौकोनी तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्याचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर होते आणि त्या मालिका संभाषणातील शब्दांच्या रांगेत, छायाचित्र जेथे आले तेथेच बसवल्या जातात. हे रूपांतर करणाऱ्या भागाला आधीचे बोलणे ठाऊक नसते, त्यामुळे कोऱ्या आणि लांब संभाषणात त्याचे काम सारखेच होते. मात्र उत्तर रचणारा भाग सगळी रांग एकत्र पाहतो, आणि ‘सोयाबीन’, ‘पाणी’, ‘नुकसान’ हे शब्द तेथे इतक्या वेळा आले होते की पिवळ्या पानाला तयार अर्थ मिळाला. विषय बदलल्याची खूण करणारी भिंत त्या रांगेत कोठेही नसते. ती शेतकऱ्याच्या एखाद्या वाक्याने उभी राहिली असती, पण ते वाक्यच नव्हते.

मग मी त्याच लांब संभाषणात, कोणत्याही विषयाशी न जोडता आधी फक्त दिसते ते सांगण्याची सूचना घालून पाहिली, आणि लांबट पर्णिका, चट्टे, फुलांचा अभाव हे सगळे उत्तरात आले. मूळ संभाषणात मात्र शेतकऱ्यांनी ‘अहो, ही तूर आहे’ असे लिहिल्यावरही मॉडेलने फक्त पिकाचे नाव बदलले आणि पाण्याचे कारण तसेच ठेवले, कारण आता त्याचे स्वतःचे चुकीचे उत्तरही त्या रांगेत जाऊन बसले होते.

यावर वरिष्ठांनी सुचवलेला नियम असा की, शब्दांविना आलेले प्रत्येक छायाचित्र स्वतंत्र मानावे. मला तो पटत नाही. विम्याच्याच दुसऱ्या एका संभाषणात एका शेतकऱ्याने पासबुकाचे छायाचित्र पाठवले होते, आणि तेथे मॉडेलने केवळ त्यावरील मजकूर वाचून दाखवला. अर्जातला खाते क्रमांक संभाषणात आधीच लिहिलेला होता आणि पासबुकातला वेगळा होता, पण त्याने दोन्ही ताडून पाहिले नाहीत. तेथे जोडणे हेच काम होते.

म्हणून मी लिहून दिले आहे की, आधी दिसते ते सांगावे, मग संभाषणाशी संबंध अंदाज म्हणून मांडावा, आणि पीक, हंगाम किंवा लक्षण यांपैकी काही जुळत नसेल तरच विचारावे. दिसणारी गोष्ट आधीच्या विषयाशी आणि एखाद्या नव्या विषयाशीही तितकीच जुळत असेल, तर काय करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्या शेतकऱ्यांना आमच्या कृषितज्ज्ञांनी फोन करून रोगट झाडे उपटायला सांगितली आणि पुढील हंगामासाठी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे, वांझ रोगाला प्रतिकारक असलेले बीएसएमआर ७३६ हे वाण सुचवले. विम्याची तक्रार अजून प्रलंबित आहे.