ब्राह्मी वाचन, आठवडा ९: गिरनारचा १२ वा लेख आणि 'पासंड' शब्दाची गंमत

गेल्या वेळी सांगितलं होतं तसं गिरनारचा १२ वा शिलालेख घेतला, कारण धर्म-इतिहासाच्या कोर्समधल्या युनिटला तोच सोर्स दिलाय आणि प्रश्न आहे की अशोक इथे नेमकं कुणाशी काय बोलतोय. मी ठरवलं की अनुवाद नंतर, आधी ठशाच्या फोटोवरून स्वतः लावायचं.

पहिलाच घोळ 'थ'चा झाला. ब्राह्मीत नुसतं वर्तुळ म्हणजे ठ आणि मधे टिंब असलं की थ, आता दगडाला खड्डा पडलेला असला तर काय करणार! 'यथा'ला मी सरळ 'यठा' वाचून पुढे गेलो होतो, अर्थ लागेना तेव्हा परत मागे आलो. दुसरं म्हणजे जोडाक्षरातलं द्वित्त लिहीतच नाहीत, 'सव' दिसतं ते 'सव्व', म्हणजे आपलं सर्व. हे डोक्यात बसलं की निम्मं काम होतं.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीलाच राजा म्हणतो की मी 'सवपासंडानि' पूजतो, आणि मी दोन मिनिटं थांबलोच, कारण आपल्याकडे पाखंडी म्हणजे शिवी ना! पण इथे पासंड म्हणजे नुसता पंथ, चांगला-वाईट काही नाही, स्वतःच्या पंथालाही तो 'आत्पपासंड' म्हणतो आणि दुसऱ्याच्याला 'परपासंड'. (आत्प म्हणजे आत्म, आपला 'आपण' ह्याच घरातला.) शब्द नंतर बिघडला. त्यामुळे मराठी किंवा संस्कृतच्या सवयीने वाचलं तर लेख उलटाच कळतो. कंदाहारला ह्याच लेखाच्या शेवटच्या भागाचं ग्रीक भाषांतर सापडलंय, १९६३ मध्ये, तिथे पासंडला 'दियात्रिबे' वापरलाय, म्हणजे तत्त्वज्ञांची शाळा किंवा गट. तिथेही शिवी नाही, हा पुरावा मला फार आवडला.

मग तो म्हणतो दान-पूजेपेक्षा सगळ्या पंथांचं 'सार' वाढावं हे मोठं, आणि त्याचं मूळ 'वचिगुती', जीभ आवरणं, विनाकारण स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा नको. पुढे 'समवायो एव साधु', एकत्र येणंच बरं, एकमेकांचा धंम ऐका. इथे शाहबाझगढीच्या खरोष्ठी प्रतीत 'सयमो' आहे, म्हणजे संयम! एकच लेख, दोन दगड, दोन शब्द. वचिगुतीशी संयम जास्त जुळतो असं मला वाटतं, पण पुढे लगेच एकमेकांचं ऐका आहे त्यामुळे समवायही बसतो, तेव्हा युनिटच्या उत्तरात दोन्ही लिहिले.

एक गोष्ट लिहिताना टाळली, 'अशोकाने इथे बौद्ध धर्म सांगितला' असं. ह्या लेखात बुद्धाचं नावच नाही. बुद्ध, धंम, संघ असं सरळ हवं असेल तर बैराटचा लेख बघावा लागतो, पण तो संघाला उद्देशून आहे, सगळ्या प्रजेला नाही. दोन्ही एकत्र कालवले की गोंधळ.

पुढच्या वेळी सोपारा, ८ व्या लेखाचा तुकडा. थोडीच अक्षरं आहेत पण आपल्या नालासोपाऱ्याची म्हणून घेतोय, 'ठ' आला तर आधीच सांगतो, भिंग घेऊन बसणार.