आमची वाटचाल : माईक काढायचा, पडद्याची चुणी मोडायची नाही

लग्नाचे अल्बम डिझाईन करता करता आम्ही या कामात आलो. पुण्यात नाचगाण्याचे कार्यक्रम बारा महिने चालू, फोटोग्राफर फोन करायचे की फोटो भारी आलाय पण मधे माईकचा स्टँड आलाय, तेवढा काढून द्या ना. आता निम्म्याहून जास्त काम हेच आहे.

जमिनीवरची केबल त्यातल्या त्यात सोपी, खरा कस लागतो तो बूम स्टँडला. उभा दांडा फार तर एक-दोन चुण्या झाकतो, पण बूमचा तिरका हात ओळीने कितीतरी चुण्या कापत जातो आणि प्रत्येक चुणीची एक बाजू उजळ, एक काळी, ती वरपासून खालपर्यंत सलग दिसायलाच हवी. ऑटोमॅटिक फिल मारलं की नेमक्या तिथेच चुण्या सरकतात.

परवाचाच एक कथकचा फोटो घ्या, मागे मरून मखमली पडदा आणि तबल्याला लावलेला बूम थेट नर्तिकेच्या बोटांमागून गेलेला. आधी फोटोशॉपमध्ये पेन टूलने बोटं नीट कापून मास्क केली, कारण हीलिंग ब्रश कडेजवळ गेला की त्वचेचा रंग पडद्यात ओढतो, तिथे क्लोन स्टॅम्पच लागतो. मग नवीन रिकाम्या लेयरवर काम, क्लोन सोर्स पॅनलमध्ये एक्स शून्य ठेवायचा आणि फक्त वाय बदलायचा, म्हणजे त्याच चुणीचा वरचा किंवा खालचा कपडा येतो, शेजारच्या चुणीचा नाही. वाइड लेन्समुळे फोटोच्या कडेला चुण्या कलतात, तिथे सोर्स एखाद-दोन अंश फिरवून घेतो. वरचा कपडा लाईटच्या जवळचा म्हणून जास्त उजळ असतो, तो खाली आणला की डाग दिसतो, म्हणून फक्त त्या लेयरपुरता कर्व्ह लावून तो हळूहळू उतरवायचा. ब्रश फार मऊ ठेवला की हाय आयएसओचे दाणे पुसट होतात आणि तेवढाच पट्टा गुळगुळीत दिसतो, मग थोडा नॉइज टाकावा लागतो. आणि स्टँडची पडद्यावरची सावली!! स्टँड गेला आणि सावली राहिली असे फोटो खूप बघितलेत.

तपासायला वर एक तात्पुरता कडक कर्व्ह लावतो, कॉन्ट्रास्ट वाढला की जोड आणि दोनदा आलेली तीच सुरकुती लगेच उघडी पडते.

पण मागचा खरा पडदा मिळाला तर त्याला तोड नाही. म्हणून आमच्या नेहमीच्या फोटोग्राफरना सांगून ठेवलंय की माईक लावायच्या आधी, लाईट सेट झाल्यावर, उभं राहणार त्याच जागेवरून रिकाम्या स्टेजचे दोन-चार फ्रेम घ्या. ते अलाइन करून खाली ठेवले की तासाभराचं काम बरंच आटोपतं, फक्त शोमध्ये लाईटचा रंग बदलला असेल तर तो जुळवावा लागतो.

बातमीसाठी किंवा डॉक्युमेंटरी स्पर्धेसाठी फोटो जाणार असेल तर मात्र आम्ही हात लावत नाही, ऑर्डर घेतानाच विचारून घेतो.