कोल्ड कॅपखालचे बारा आठवडे

स्तनातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. ती लहान होती, पण रिपोर्टमध्ये HER2 पॉझिटिव्ह आलं, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं HER2 हे प्रथिन तिच्यात जास्त होतं. त्यामुळे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, असे बारा डोस, आणि सोबत HER2 ला अडवणारं ट्रास्टुझुमॅब असं ठरलं. डॉक्टरांना मी पहिला प्रश्न केसांचाच विचारला. विचारताना लाज वाटत होती, पण त्यांनी तो गांभीर्याने घेतला. "तुमच्या औषधात कोल्ड कॅप, म्हणजे केस टिकावेत म्हणून डोकं गार ठेवणारी टोपी, करून बघण्यासारखी आहे," असं ते म्हणाले. "तुमच्या औषधात" या शब्दांचं महत्त्व मला नंतर कळलं.

डोक्यावरचे बहुतेक केस, दहातले नऊ म्हणा, एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यांच्या मुळांतल्या पेशी भराभर दुभंगतात आणि केमो अशाच पेशींना गाठते. डोक्याची त्वचा गार केली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांशी औषध कमी पोहोचतं. शिवाय गारठलेल्या पेशी मंदावतात, त्यामुळे पोहोचलेलं औषधही त्यांना कमी बाधतं. हे सगळं औषध रक्तात जोरात असतानाच घडायला हवं. म्हणून टोपी औषधाच्या आधी घालायची आणि औषध संपल्यावरही ठेवायची.

माझं वेळापत्रक असं होतं: औषधाआधी अर्धा तास टोपी, मग पॅक्लिटॅक्सेलचा एक तास, आणि पुढे आणखी अर्धा तास. ट्रास्टुझुमॅबने केस जात नाहीत, त्यामुळे त्याच्या वेळी टोपी लागत नव्हती. मळमळीची आणि ॲलर्जीची इंजेक्शनं सिस्टर सुरुवातीच्या अर्ध्या तासातच देत, म्हणजे तो वेळ वाया जात नसे.

आता टोपी. मऊ सिलिकॉनची, आत बारीक नळ्या. शेजारच्या यंत्रातून शून्याखाली काही अंश गारठवलेला द्रव त्या नळ्यांतून फिरत राहतो, आणि डोक्याची त्वचा साधारण वीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येते. आधी केस पाण्याने ओले करायचे, थोडं कंडिशनर लावायचं आणि केस मागे विंचरून भांग मोडायचा, म्हणजे टोपी आणि त्वचा यांच्यात हवा राहत नाही. कपाळावर आणि कानांवर सुती पट्टी ठेवायची, वरून जाड आवरण, आणि हनुवटीखाली पट्टा घट्ट आवळायचा.

पहिली दहा मिनिटं कठीण जातात. कपाळात बर्फाचा गोळा गिळल्यासारखी कळ येते. पहिल्याच वेळी मी "काढा" म्हणणार होते. शेजारी बसलेल्या ह्यांनी हात धरला आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "अजून पाच मिनिटं बघ." पंधराव्या मिनिटाला डोकं बधिर झालं, मग फक्त थंडी उरली. पुढच्या वेळेपासून डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घेऊ लागले. स्वेटर, जाड मोजे आणि थर्मासमध्ये आल्याचं गरम पाणीही नेऊ लागले. बाथरूमला जायचं तर सिस्टर नळी यंत्रापासून सोडवतात. टोपी डोक्यावरच राहते आणि काही मिनिटांत परत जोडायची असते.

संपल्यावर लगेच टोपी ओढायची नाही. केसांवर बर्फाचा थर असतो, ते टोपीला चिकटलेले असतात, आणि त्या ओढीनेच केस तुटतात. यंत्र बंद करून काही मिनिटं बसून राहायचं.

माझी चूक तिसऱ्या वेळी झाली, आणि त्यातूनच सगळ्यात जास्त शिकले. त्या दिवशी गर्दी होती, सिस्टर नवीन होत्या आणि हाती आली ती टोपी मला एक माप मोठी होती. कपाळ आणि कानांजवळ नेहमीची कळ आली, पण डोक्याच्या मधोमध, टाळूवर, काहीच जाणवेना. मला उलट बरं वाटलं. पुढे दोन आठवड्यांत नेमक्या त्याच जागी रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली, बाकी डोकं जवळपास तसंच. टोपी जिथे टेकली नाही तिथेच केस गेले होते. तेव्हापासून टोपी घातल्यावर मी टाळूवर हाताने दाबून बघायची, आणि दहा मिनिटांत तिथे कळ आली नाही तर सिस्टरना हाक मारायची. त्यांनी लहान माप शोधून दिलं आणि मधल्या पोकळीपुरता पट्टा आणखी आवळला. ती जागा पुढे वाढली नाही.

घरी आठवड्यातून दोनदाच केस धुतले, कोमट पाण्याने आणि सौम्य शांपूने. मोठ्या दातांच्या फणीने रोज हलक्या हाताने विंचरत असे, कारण गळलेले केस गुंतले की चांगल्यांनाही ओढतात. रंग, ड्रायर, घट्ट वेणी सगळं बंद. सासूबाईंना तेल न लावणं पटत नव्हतं. केमोच्या दिवशी तेलकट डोकं नको, टोपी नीट टेकायला हवी, असं समजावल्यावर त्यांनी डबा कपाटात ठेवला.

केस गळतच नाहीत, असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फणीत पुंजके आले तेव्हा मी रडले आणि टोपी सोडायचा विचार केला. डॉक्टरांनी सांगितलं की निम्म्याहून कमी केस जाऊन खोट्या केसांचा टोप लागला नाही, तर ते यशच धरतात. अमेरिकेतला 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी दाखवला: टोपी घातलेल्या 95 बायकांपैकी 48 जणींचे केस असे टिकले, न घातलेल्या 47 पैकी एकीचेही नाहीत. म्हणजे जवळपास निम्म्या जणींना उपयोग होत नाही, हेही त्यातच आलं.

हे सगळ्यांना लागू नाही, हे शेजारच्या खुर्चीवर दिसलं. तिथे एक तरुण मुलगी बसायची, मला ताई म्हणायची. तिला डॉक्सोरुबिसिन होतं, लाल रंगाचं औषध. त्या औषधात टोपीचा प्रभाव बराच कमी पडतो आणि औषधानंतर ती दीड तास ठेवावी लागते. डॉक्टरांनी तिला हे आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या डोसनंतर तिचे बहुतेक केस गेले आणि तिने टोपी थांबवली. इतकी थंडी सोसून काही हाती येणार नसेल, तर थांबणंच योग्य होतं असं मला वाटतं.

ल्युकेमिया, लिम्फोमा अशा रक्ताच्या कॅन्सरमध्ये टोपी देत नाहीत, कारण तिथे औषध डोक्याच्या त्वचेपर्यंतही पोहोचायला हवं असतं. डोक्याला रेडिएशन ठरलेलं असेल किंवा थंडीने अंगावर गांधी उठत असतील, रक्तात थंडीने गुठळ्या होण्याचा आजार असेल, तरीही नाही. स्तनाच्या गाठीत डोक्याच्या गारठलेल्या त्वचेखाली कॅन्सर लपून राहील का, ही माझी भीती होती. त्यावर डॉक्टर म्हणाले की डोक्याच्या त्वचेत तो पसरणं मुळातच दुर्मीळ आहे, आणि टोपी वापरलेल्यांत ते वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. खर्च मात्र प्रत्येक वेळचा वेगळा आला आणि माझ्या विम्याने तो दिला नाही.

बाराव्या डोसनंतरही काही आठवडे केस गळत राहिले. भुवया पूर्ण गेल्या, कारण टोपी त्यांना वाचवत नाही. डोक्यावरचे सुमारे दोन तृतीयांश केस राहिले, आणि टाळूवरच्या त्या मोकळ्या जागेत आता बोटाच्या पेराएवढे नवे आलेत.