चार तासांचे अंतर

फोंड्यातील आमच्या औषधालयात श्रावणातल्या एका सकाळी एक मावशी थायरॉईडच्या गोळीची नवी चिठ्ठी घेऊन आल्या. 75 मायक्रोग्रॅमची मात्रा 100 करण्यात आली होती, कारण शरीरात थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा टीएसएच त्यांच्या बाबतीत वर्षभर 3 च्या आसपास होता, तो आता 11 वर गेला होता. थकवा आणि बद्धकोष्ठता परतली होती. एकही दिवस गोळी चुकवली नसल्याचे त्यांनी मला शपथेवर सांगितले, आणि मला ते खरेच वाटले.

बाटली काढण्याआधी मी त्यांना सकाळचा क्रम विचारला. सहाला उठल्यावर त्या गोळी दुधाच्या घोटाबरोबर घेत, लगेच घशाशी येते म्हणून आम्लपित्ताची चघळायची गोळी खात, आणि गुडघ्यांसाठी तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी उरकून टाकत. टीएसएच चढू लागल्याचा काळही नेमका तोच होता. कॅल्शियम, तसेच आम्लपित्ताच्या औषधातील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम, थायरॉईडच्या औषधाला पोटातच चिकटतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे शोषले जात नाही. दुधातही कॅल्शियम असतेच.

मी बाटलीसोबतचे माहितीपत्रक उलगडून पाहिले. रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर. आणि कॅल्शियम, लोह व आम्लपित्ताची औषधे चार तास दूर, असे त्यात स्पष्ट होते, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. शिवाय कॅल्शियमची चिठ्ठी देणाऱ्यांना आधीची गोळी ठाऊकच नव्हती.

मला खरी काळजी वाटली ती पुढची. आज 100 ची गोळी सुरू झाली असती आणि उद्या कोणी अंतर ठेवायला सांगितले असते, तर शोषण सुधारून मात्रा जास्त झाली असती, आणि सत्तरीच्या बाईंना धडधड व अनियमित ठोक्यांचा धोका झाला असता. म्हणून मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी 75 वरच थांबून आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगितले. कॅल्शियम आम्ही दुपारच्या जेवणानंतर नेले आणि आम्लपित्ताची गोळीही सकाळी दहाच्या आत घ्यायची नाही असे ठरवले.

निघताना त्यांनी विचारले, चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळे टांगून बांधलेल्या माटोळीचे पपनस उतरल्यावर यजमानांनी खाल्ले तर त्यांची कोलेस्टेरॉलची गोळीही चार तासांनी द्यायची का? तिथे अंतराचा उपयोग नाही, हे मी त्यांना थांबवून समजावले. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले पपनस गोळीला चिकटत नाहीत, तर काही औषधे मोडणारे आतड्यातील विकर बंद पाडतात, म्हणून रक्तातले औषध उलट वाढते. हा परिणाम एका दिवसाहून अधिक टिकतो, त्यामुळे सकाळी फळ आणि रात्री गोळी घेऊनही तो टळत नाही. गोळीचे नाव पाहिल्याशिवाय पपनस देऊ नका, असे मी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्या ती पट्टी घेऊन आल्या.

आठ आठवड्यांनी अहवालात टीएसएच 3.4 होता, आणि मात्रा तीच, 75.