पेटीचा फोटो थकला की कोथरूड थकले? देवगडहून नोंद, 8 मे

मागच्या नोंदीत ज्या पेटीच्या फोटोचे मी तोंड भरून कौतुक केले होते, तो फोटो 22 एप्रिलच्या सकाळी फेसबुकच्या अॅड्स मॅनेजरच्या डिलिव्हरी रकान्यात ‘क्रिएटिव्ह फटीग’, म्हणजे जाहिरात पाहून पाहून माणसे थकली, असा शिक्का मिरवीत बसलेला दिसला. आतेभावाच्या जामसंड्याच्या बागेतील हापूस पुण्यात थेट घरपोच देण्याची ही जाहिरात 1 एप्रिलपासून चालू होती आणि पहिल्या आठवड्यात ती इतकी सुरेख चालली की भाऊ गमतीने म्हणाला, “आता पेट्या कमी पडतील, तुझी जाहिरात नाही.” झाले उलटेच, आणि ते का झाले हे शोधण्यात माझे दोन आठवडे गेले.

मांडणी नव्याने सांगायची गरज नाही, फक्त आकडे समोर असावेत म्हणून लिहितो. एकच अॅड सेट, म्हणजे एकाच वर्तुळाचा आणि एकाच बजेटचा जाहिरातींचा गट, टेम्पो जिथवर जातो तेवढेच कोथरूडभोवतीचे 5 किलोमीटरचे वर्तुळ, दिवसाला 600 रुपये, आणि उद्दिष्ट व्हॉट्सअॅपवरचे संभाषण. पहिल्या आठवड्यात जाहिरात 56,000 वेळा दिसली, ही इंप्रेशन्स; ती 35,000 वेगवेगळ्या माणसांना दिसली, ही रीच; म्हणजे दर माणशी सरासरी 1.6 वेळा, ही फ्रिक्वेन्सी; आणि दर शंभर इंप्रेशन्समागे लिंकवर 2.1 क्लिक्स, म्हणजे लिंक सीटीआर 2.1 टक्के. दुसऱ्या आठवड्यात इंप्रेशन्स तेवढीच राहिली, पण रीच 26,700 वर आली, फ्रिक्वेन्सी 2.1 झाली आणि सीटीआर 1.8 वर उतरला. तिसऱ्या आठवड्यात 54,000 इंप्रेशन्स केवळ 18,000 माणसांवर पडली. फ्रिक्वेन्सी 3 आणि सीटीआर 1.1. एका संभाषणाला पहिल्या आठवड्यात 50 रुपये पडत होते, तिसऱ्यात 110.

असे ओळीने लिहिले की शेंबड्या पोरालाही कळेल. मला मात्र ते तीन आठवडे दिसले नाही, कारण मी आकडे दोन चुकीच्या खिडक्यांतून पाहत होतो. रोज दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढून मी ‘आज’ची ओळ उघडत असे, आणि एका दिवसाची फ्रिक्वेन्सी कायम 1.1 ते 1.2 च्या आसपासच दिसे, कारण एकाच माणसाला एकाच दिवशी तीच जाहिरात फार वेळा दाखवली जात नाही. तोच माणूस काल, परवा आणि तेरवाही तीच पेटी पाहून गेला आहे, हे त्या एका दिवसाच्या ओळीत मावतच नाही. दुसरी खिडकी सुरुवातीपासूनच्या बेरजेची होती. तिच्यात तिन्ही आठवड्यांचा एकत्रित सीटीआर 1.67 टक्के दिसत होता, जो मला पुरेसा चांगला वाटला. पहिल्या आठवड्यातले भरघोस क्लिक्स तिसऱ्या आठवड्याची पडझड झाकून ठेवत होते.

म्हणून आता मी सरकती सात दिवसांची खिडकीच पाहतो. रोज सकाळी मागचे सात दिवस निवडायचे आणि अॅड सेटच्या ओळीतील इंप्रेशन्स, रीच, लिंक क्लिक्स व खर्च वहीत उतरवायचे. मागे जाऊन तसे पाहिले, तर 11 ते 17 एप्रिलच्या खिडकीतच फ्रिक्वेन्सी 2.5 ओलांडून गेली होती आणि सीटीआर पहिल्या आठवड्याच्या तुलनेत एक तृतीयांशाने घसरला होता. शिक्का त्यानंतर पाच दिवसांनी आला. तो उशिरा येणार हे उघडच आहे, कारण एका निकालाचा खर्च आपल्या जुन्या जाहिरातींच्या खर्चाच्या दुपटीपर्यंत गेला की मगच तो लागतो. म्हणजे शिक्का दिसेपर्यंत पैसे गेलेले असतात.

इथे एक कुरकुर नोंदवतो. मी हौसेने विकत घेतलेले एक अहवालाचे अॅप रोजच्या रीचची सरळ बेरीज करून आठवड्याची रीच काढते. सोमवारी पाहणारा माणूस मंगळवारीही पाहतो तेव्हा तो दोनदा मोजला जातो, रीच फुगते आणि फ्रिक्वेन्सी नेहमी सौम्य दिसते. रीच दिवसांमागून दिवस जोडता येत नाही. हव्या त्या संपूर्ण कालावधीसाठी ती मूळ ठिकाणाहूनच काढावी लागते. त्या अॅपचे पैसे मी थांबवले असून साधी तक्ताफाइल आणि चार रकाने यांवरच माझे भागते.

आता मुख्य डोकेदुखीकडे येतो. शिक्का दिसताच मी घाईने त्याच पेटीच्या फोटोच्या चार आवृत्त्या केल्या: एकीची पार्श्वभूमी हिरवी, एकीची पिवळी, तिसरीवर भाव मोठ्या अक्षरांत आणि चौथीवर ‘अक्षय्य तृतीयेसाठी खास’ अशी पट्टी. चारही त्याच अॅड सेटमध्ये टाकल्या. परिणामी अॅड सेट पुन्हा लर्निंगमध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे नव्याने शिकण्याच्या टप्प्यात, गेला, आणि चार दिवसांत खर्च झालेल्या 2,400 रुपयांतून अवघी 19 संभाषणे मिळाली. बहुतेक सगळी इंप्रेशन्स जुनी जाहिरातच खाऊन गेली. नव्या चौघींच्या वाट्याला मिळून 2,900 सुद्धा आली नाहीत.

गंमत म्हणजे त्या चौघींच्या स्वतःच्या ओळींत फ्रिक्वेन्सी 1.1 दिसत होती आणि अर्धा दिवस मी तीवर खूश होतो. नवी जाहिरात टाकली की तिची मोजणी शून्यापासून सुरू होते, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांची मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. कोथरूडमधल्या बाईंनी तीच लाकडी पेटी, तोच पेंढा आणि तेच बारा आंबे आधीच तीनदा पाहिलेले आहेत. मागचा रंग हिरवा झाला म्हणून त्या थांबणार नाहीत. अॅड सेटच्या ओळीत त्याच वेळी सात दिवसांची फ्रिक्वेन्सी 3.2 होती. म्हणून फ्रिक्वेन्सी अॅड सेटच्या पातळीवर आणि सीटीआर प्रत्येक जाहिरातीच्या पातळीवर पाहावा, असे मी आता ठरवले आहे.

इतके झाल्यावर मनात शंका आली की हा थकवाच कशावरून? एप्रिलअखेर भाव उतरू लागतात, बाजारात माल वाढतो आणि माणसे इतरांकडूनही घेतात, त्यामुळे क्लिक्स त्यानेही पडू शकतात. प्रथम सीपीएम, म्हणजे हजार इंप्रेशन्सचा खर्च, पाहिला. पहिल्या आठवड्यात 75 रुपये आणि तिसऱ्यात जेमतेम 78, म्हणजे लिलाव महागला नव्हता. मग जाहिरात जिथे जिथे दिसते त्या जागांची फोड काढली, कारण रील्सचा वाटा वाढला तर थकवा नसतानाही एकूण सीटीआर खाली येतो. पण केवळ फीडमध्ये पाहिले तरी तो 2.4 वरून 1.2 वर आलेला होता. राहिला प्रश्न हंगामाचा.

तो सोडवण्याची युक्ती रात्री वीज गेलेली असताना अंगणात बसून सुचली आणि या खेपेचे माझे खरे समाधान तेच आहे. जुनीच जाहिरात, तोच फोटो, तोच भाव, तोच मजकूर, पण वर्तुळ पिंपरी-चिंचवडचे, जिथे ती कधीच दाखवली नव्हती. टेम्पोवाल्याला विनवून तिकडची एक फेरी कबूल करून घेतली आणि 26 ते 29 एप्रिल रोज 200 रुपये लावले. 800 रुपयांत 10,000 इंप्रेशन्स आणि 190 क्लिक्स मिळाले, म्हणजे 1.9 टक्के. हंगाम किंवा भाव यांचा दोष असता तर तिथेही सीटीआर पडायला हवा होता. फोटो जिवंत होता. थकले होते ते कोथरूड. दोन्हीकडची माणसे अगदी सारखी नसतात हे मला मान्य आहे आणि चार दिवसांचा कौल अंतिम मानू नये, पण 1.1 आणि 1.9 यांतील अंतर माझ्यासाठी पुरेसे होते.

मग खरोखर वेगळ्या दोन जाहिराती केल्या. पहिली अढीची: अंधाऱ्या खोलीत भाऊ पेंढ्याचा थर हाताने बाजूला करतो आणि खाली देठाशी पिवळे पडू लागलेले आंबे दिसतात, असा बारा सेकंदांचा व्हिडिओ. दुसरीची कल्पना व्हॉट्सअॅपवरच्या संभाषणांतूनच मिळाली, कारण निम्मे लोक विचारत होते की आंबा कापल्यावर साका निघाला तर काय. साका बाहेरून कळत नाही ही प्रत्येक बागायतदाराची दुखरी जागा आहे. भाऊ आधी नाराज होता, “आपल्याच मालाची बदनामी कशाला?” असे तो म्हणाला. तरी आम्ही अर्धा कापलेला, मध्यभागी पांढरट साका असलेला आंबा फळीवर ठेवून फोटो काढला आणि वर लिहिले, ‘असा निघाला तर फोटो पाठवा, आंबा बदलून देऊ.’

या वेळी जुनी जाहिरात आधी थांबवली आणि दोन्ही नव्या एकदमच आत टाकल्या, म्हणजे लर्निंगचा धक्का एकदाच बसला आणि नव्यांना उपाशी ठेवणारी थोरली जाऊबाई घरात उरली नाही. 1 ते 7 मेचा आठवडा असा: 53,000 इंप्रेशन्स, रीच 25,000, फ्रिक्वेन्सी 2.1, एकत्रित सीटीआर 1.9, संभाषणे 74, म्हणजे एकास 57 रुपये. साक्याचा फोटो 2.3 टक्क्यांवर असून भाऊ आता तो सर्वांना दाखवत सुटला आहे. अढीचा व्हिडिओ मात्र 1.4 वरच अडकला. त्याचे कारणही मला दिसते: पहिले तीन सेकंद पडद्यावर केवळ अंधार आहे आणि आंबा दिसेपर्यंत अंगठा पुढे सरकलेला असतो.

पुढचा बेत साक्याचा फोटोही 2.5 फ्रिक्वेन्सीला पोचताच थांबवण्याचा होता, पण हे लिहिता लिहिता वाटते आहे की ज्यांनी आधीच संभाषण केले त्यांना या अॅड सेटमधून वगळून पाहावे. ते तसेही ब्रॉडकास्ट यादीत आहेत आणि त्यांच्यावर इंप्रेशन्स खर्च करण्यात अर्थ नाही. अडचण अशी की वर्तुळ आधीच लहान आहे. त्यातून आणखी माणसे काढली तर उरलेल्यांवरची फ्रिक्वेन्सी अधिक वेगाने चढेल. तेव्हा वगळण्याबरोबरच वर्तुळ 5 वरून 8 किलोमीटरवर न्यावे लागेल, आणि त्यासाठी टेम्पोवाल्याशी पुन्हा बोलणे आले.

जुन्या पेटीच्या फोटोला पिंपरी-चिंचवडला कायमचे धाडले आहे. मूळ पोस्टच वापरल्यामुळे तिच्याखालच्या प्रतिक्रियाही सोबत गेल्या. पाऊस येईपर्यंत बागेत जेमतेम दोन-अडीच आठवड्यांचा माल आहे, त्यामुळे त्या फोटोला विश्रांती देऊन कोथरूडला परत आणण्याचा प्रयोग या हंगामात बसणार नाही. उद्या सकाळी सातला अढीच्या खोलीची पूर्वेची खिडकी उघडून तोच व्हिडिओ पुन्हा काढणार आहोत आणि या वेळी पहिल्याच सेकंदाला भावाच्या हातात आंबा असेल.