तोंड राहू दे, आधी दार लावा

"ताई, गल्लीच्या ग्रुपवर नुसता धुरळा चाललाय. फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतील असं करून टाकू का?"

नको. निदान सुरुवात तिथून नको. पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात नदीकडच्या पेठांतून हे विचारणारे हमखास भेटतात, आणि बहुतेकांचं मनात ठरलेलंच असतं. मी आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळते, ओळखीच्या एक-दोन अपार्टमेंटचेही लावून दिलेत. त्यावरून सांगते.

ग्रुप उघडा, वरच्या नावावर बोट ठेवा, खाली सरकत जा. तिथं Group permissions सापडेल. आत सभासदांना काय करता येईल याची बटणं आहेत: Edit group settings, Send new messages, Add other members. त्याखाली अ‍ॅडमिनसाठी Approve new members. फोनमधली आवृत्ती जुनी असली तर शब्द थोडे इकडचे तिकडे दिसतील. लोक आत गेले की थेट Send new messages बंद करतात, कारण डोक्याला ताप मेसेजचा असतो. मी मात्र प्रत्येक बटणापुढं एकच विचारते: हे उघडं राहिलं आणि कुणी गैरवापर केला, तर झालेलं नंतर निस्तरता येतं का?

मेसेजचं निस्तरता येतं. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. मेसेज दाबून धरा, डिलीट करा, त्या जागी अ‍ॅडमिननं काढल्याची ओळ येते. तोवर काहींनी वाचलेलं असतं हे खरं, पण पुढच्यांच्या तरी नजरेला पडत नाही.

माणूस आत घेतल्याचं मात्र निस्तरता येत नाही. ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. तो पाच मिनिटं बसला आणि तुम्ही त्याला काढलंत, तरी नंबर त्याच्याकडं गेलेच. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत, नोकरी करणाऱ्या पोरी आहेत, त्यांचे नंबर कुणाच्या हातात जावेत हे त्यांनी ठरवलेलं नसतं. म्हणून माझ्या लेखी पहिलं बंद करायचं बटण Add other members. ते अ‍ॅडमिनपुरतं ठेवा.

पण तेवढ्यानं दार पुरतं लागत नाही, कारण आत यायला लिंकही असते. गणपतीच्या वर्गणीच्या वेळी कुणीतरी ती लिंक मंडळाच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकतो, तिथून ती तिसरीकडं जाते, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. त्यासाठी Approve new members चालू करा. मग लिंकवरून येणाऱ्याची विनंती अ‍ॅडमिनकडं थांबते. मी विनंती आली की आधी फोन करते, "कुणाच्या घरात राहताय?" एवढंच विचारते. घरमालकाचं नाव सांगता आलं नाही तर विनंती नाकारायची. लिंक फार फिरलीय असं वाटलं तर Reset link करा, जुनी निकामी होते.

कधी उलटंही होतं: नव्या भाडेकरूला अ‍ॅडमिन घ्यायला जातो आणि तो घेतलाच जात नाही. लोकांना वाटतं ग्रुप बिघडला. त्या माणसानं स्वतःच्या सेटिंगमध्ये, Privacy खाली Groups मध्ये, फक्त ओळखीच्यांनाच आपल्याला ग्रुपात घेता येईल असं ठेवलेलं असतं. मग त्याला खाजगी आमंत्रण पाठवायचं, आणि ते तीन दिवसांत स्वीकारायला सांगायचं. नाहीतर ते बाद होतं.

दुसरं बटण Edit group settings. याला लोक निरुपद्रवी समजतात, नाव आणि फोटो बदलण्यापुरतं. नाव बदललं तर परत बदलता येतं, त्याची मला फिकीर नाही. (फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पोरं गल्लीच्या ग्रुपला आपल्या संघाचा फोटो लावतात, चालायचंच.) पण याच बटणाखाली मेसेज आपोआप नाहीसे होण्याची मुदतही येते. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये कुणीतरी ती २४ तासांवर नेऊन ठेवली. पाण्याच्या टँकरच्या पावत्या, लिफ्टवाल्याची पोच, सगळं ग्रुपवरच टाकायची तिथं पद्धत. महिनाअखेरीला हिशेबाला बसले तर पावत्याच नाहीत. एकमेकांवर संशय घेणं सुरू झालं. प्रत्यक्षात चॅटमध्ये वर सरकत गेलं की कुणी मुदत चालू केली याची ओळ नावानिशी पडलेली असते; ती कुणी पाहिली नव्हती. मुदत बंद केली, पण गेलेल्या पावत्या परत आल्या नाहीत. तेव्हा हेही बटण अ‍ॅडमिनपुरतं.

एक लक्षात ठेवा, मेसेज वर पिन करून ठेवायची मुभाही याच बटणाला बांधलेली आहे. ते बंद केलंत की पिन फक्त अ‍ॅडमिनला करता येतं. मला ते सोयीचंच वाटतं. पिन तीनच राहतात आणि २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसच टिकतात. त्या तीन जागांसाठी भांडणं नकोत.

आता तुमचं ते बटण, Send new messages. ते बंद केल्यावर काय होतं ते पुराच्या दिवसांत बघावं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका. पाणी चढायला लागलं की ग्रुपवर राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ येतात, त्यातले निम्मे २०१९ चे नाहीतर २०२१ चे. ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपसूक उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. पण व्हिडिओखाली "सगळे दरवाजे सोडले, पळा" असं लिहिलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी वैतागून म्हणतो, "फक्त अ‍ॅडमिन करून टाक की, कटकटच नको."

केलं, समजा. सभासदांना खाली लिहायच्या जागी फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात अशी ओळ दिसते. त्यांना इमोजी टाकता येतो, पण शब्द लिहिता येत नाही. त्या ओळीतल्या अ‍ॅडमिन शब्दावर बोट ठेवलं की अ‍ॅडमिनची यादी उघडते आणि तिथून त्यांना खाजगीत लिहिता येतं. म्हणजे गोंधळ थांबत नाही, तो तुमच्या एकट्याच्या फोनवर येतो. कोपऱ्यावरच्या मावशींच्या घरात पाणी शिरलं, त्यांना दोन पोरं हवीत सामान माळ्यावर टाकायला. उघड्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं असतं तर शेजारचा पोरगा दोन मिनिटांत पोचला असता. आता त्या तुम्हाला खाजगीत लिहिणार. तुमच्याकडं वीज गेलेली, फोन संपत आलेला, आणि वर असेच वीस जणांचे मेसेज. मावशींचा एकविसावा.

म्हणून आम्ही ग्रुपच दोन केले. एक नेहमीचा, तिथं सगळे बोलतात. दुसरा फक्त पाण्याच्या सूचनांचा, तिथं कायम फक्त अ‍ॅडमिनच लिहितात. त्यावर बंधाऱ्याची ताजी पातळी, कुठला रस्ता बंद झाला आणि निवारा कुठं, एवढंच. त्याचे अ‍ॅडमिन मात्र एकाच घरातले ठेवले नाहीत. एक नदीकडच्या टोकाचा, एक वरच्या अंगाचा, आणि एक गल्लीतलाच पण आता राजारामपुरीत राहणारा, म्हणजे आमच्याकडची वीज गेली तरी त्याचा फोन चालू राहील.

यावर लगेच सुचतं, की मग बोलणाऱ्या दहा-बारा जणांना अ‍ॅडमिन करून टाकू. तसं करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा अ‍ॅडमिन नसतो. तुम्ही कुणाला फक्त बोलता यावं म्हणून अ‍ॅडमिन केलंत, तरी त्याला माणसं घेता-काढता येतात, दुसऱ्याचे मेसेज पुसता येतात, बटणं उलटसुलट करता येतात. टेलिग्रामवर प्रत्येक अ‍ॅडमिनला कुठला अधिकार द्यायचा ते वेगवेगळं निवडता येतं, आणि सभासदानं दोन मेसेजांत किती वेळ थांबायचं तेही ठरवता येतं. पण आमच्या गल्लीतल्या आज्यांना टेलिग्रामवर कोण नेणार? इथं एखाद्यालाच गप्प करायची सोय नाही, फक्त फोटो-व्हिडिओ अडवायचीही नाही. सगळे बोलणार नाहीतर कुणीच नाही. आणि एखादा ऐकतच नसेल तर त्याला घरी जाऊन सांगायचं.

पोलिसांच्या भीतीनं बंद करणारेही आहेत. "कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिनला उचलतात" हे ऐकून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय, की दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान इरादा किंवा आधी ठरलेला बेत दिसायला हवा. त्या निकालात अ‍ॅडमिनचे अधिकार माणसं घेण्या-काढण्यापुरतेच धरलेत. मेसेज पुसायचा अधिकार नंतर आला. म्हणून मी निकालावर विसंबून बसत नाही, भडकाऊ काही दिसलं की पुसते आणि टाकणाऱ्याला फोन करते.

सगळं लावून झालं की आपल्या फोनवर तपासू नका. अ‍ॅडमिनला सगळंच करता येतं, त्यामुळं काय बंद झालं ते कळत नाही. जो अ‍ॅडमिन नाही त्याचा फोन घ्या आणि त्यावर ग्रुपचं नाव बदलून बघा, कुणाला घेऊन बघा, एक मेसेज टाकून बघा. नाव बदललं तर दुसरं बटण अजून उघडं आहे.

आणि तुम्ही एकट्याच अ‍ॅडमिन असाल तर ग्रुप सोडण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी करा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप सभासदांतून कुणालातरी आपणच अ‍ॅडमिन करतं, आणि तो ते जुने धरणाचे व्हिडिओ टाकणाराही असू शकतो.