‘मजा नाही आली’ : गोडा मसाल्याच्या पाकिटाचा माझा अनुभव

मी ठाण्यात, पाचपाखाडीत, पॅकेजिंग डिझाइनचे काम करते. या कामात मला सर्वांत जास्त थकवणारा अभिप्राय ‘मजा नाही आली’ हा आहे. अक्षर लहान आहे, वजन चुकीचे छापले आहे, रंग फाटला आहे, असे कोणी सांगितले तर ते दुरुस्त करता येते. मजा नेमकी कुठे अडली, हे मात्र बहुधा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि मग डिझायनर तो दोष स्वतःच्या हातात शोधू लागतो. नवी मुंबईतल्या एका घरगुती मसाला व्यवसायाच्या गोडा मसाल्याच्या दोनशे ग्रॅमच्या पाकिटाने मला या शोधातून कसे बाहेर यायचे ते शिकवले.

व्यवसाय काकांचा, हिशेब मुलाकडे आणि ऑनलाइन विक्री सुनेकडे, अशी त्या घरातली विभागणी होती. ‘जुने वाटले पाहिजे, पण आजच्या मुलींनाही घ्यावेसे वाटले पाहिजे’ एवढीच मागणी माझ्यापुढे ठेवली गेली. मी भाजलेल्या खोबऱ्याच्या कडेसारखी गडद तपकिरी पार्श्वभूमी घेतली, नाव हाताने रेखाटलेल्या देवनागरी अक्षरांत पिवळ्या रंगात लिहिले आणि बाकी मजकुरासाठी ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरला. काकांना मजा आली नाही. लाल करून पाहिल्यावर ते ‘फार ओरडते आहे’ म्हणाले, हिरव्याला ‘औषधासारखे दिसते’ म्हणाले, आणि त्यानंतर सुनेने एका महागड्या चहाच्या डब्याचा फोटो पाठवून ‘असे काहीतरी’ असे कळवले. काही आठवड्यांनी काकांनी पहिल्या तपकिरी पाकिटाचीच आठवण काढली, पण ते ‘जरा उजळ’ हवे होते.

या टप्प्यावर मी नवी फाइल उघडण्याऐवजी एक साधा तक्ता केला. प्रत्येक अभिप्राय कोणी दिला, नेमके कोणते शब्द वापरले, त्या वेळी डिझाइन कशावर पाहिले आणि कशाशी तुलना करून पाहिले, एवढेच चार रकाने होते. तक्ता भरल्यावर माझ्या लक्षात आले की ज्याला मी एकाच ग्राहकाची बदलती आवड समजत होते, त्या प्रत्यक्षात तीन माणसांच्या तीन स्थिर आवडी होत्या आणि त्या आळीपाळीने माझ्यापर्यंत पोहोचत होत्या. काकांना बाजारातला जुना, ओळखीचा माल डोळ्यांपुढे होता, सुनेला फोनच्या पडद्यावर दिसणारी छोटी चौकट, तर मुलगा फक्त छपाईच्या खर्चाकडे पाहत होता. आवड बदलली नव्हती, बोलणारा बदलत होता. यातून मला मोठाच दिलासा मिळाला, कारण तिघांना एकाच वेळी खूश करणारे पाकीट बनवता न येणे हा काही माझ्या कौशल्याचा निकाल नव्हता.

दुसरी गोष्ट ‘कशावर पाहिले’ या रकान्याने दाखवली. ‘डार्क वाटते’ असा अभिप्राय काकांकडून रात्रीच यायचा. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चित्र फोनवर पाहत होते, ब्राइटनेस कमी असायचा आणि पडदा पिवळसर करणारी रात्रीची सेटिंगही चालू असायची. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागदावरची शाई मात्र बाहेरचा प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे फोनवरच्या तपकिरी रंगावरून छापील रंगाचा अंदाज तसाही कच्चा असतो, आणि त्या सेटिंगमध्ये तर तो करूच नये. त्यानंतर मी फोनवर चित्र पाठवणे थांबवले. वागळे इस्टेटमधल्या एका छपाईवाल्याकडून डिजिटल प्रूफ काढून घेतले, ते कापून जुन्या पाकिटांवर चिकटवले आणि तिघांनाही नौपाड्यातल्या एका किराणा दुकानात बोलावले. दुकानदार ओळखीचे असल्यामुळे त्यांनी मसाल्यांच्या फळीवर जागा करून दिली.

तिथे मी ‘आवडले का?’ हा प्रश्न विचारलाच नाही. गिऱ्हाईक जिथे उभे राहते तिथून नाव वाचता येते का, हा मसाला आहे हे कळते का आणि शेजारच्या पाकिटांतून ते वेगळे काढता येते का, एवढेच विचारले. फळीवर लाल आणि पिवळ्याची इतकी गर्दी होती की तपकिरी पाकीट वरच्या रांगेत उठून दिसत होते. पण खालच्या फळीवर, जिथे ट्यूबलाइटचा प्रकाश नीट पोहोचत नव्हता, तिथे ते सावलीत विरून जात होते. म्हणजे काकांच्या ‘डार्क’ या शब्दामागे आवड होती, तशी एक खरी अडचणही होती. मी तपकिरीतील काळ्या शाईचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणले आणि नाव रुंद केले. रचना मात्र जशीच्या तशी ठेवली. काकांनी पुढचे प्रूफ पाहून ‘आता बरे आहे’ म्हटले, यापेक्षा मोठी दाद त्यांच्याकडून मिळत नाही, असे मला सुनेने नंतर सांगितले.

प्रत्येक नकाराची अशी उकल होत नाही, हेही सांगायला हवे. काकांना पाकिटाभोवती सोनेरी चौकट हवी होती आणि त्यामागे कोणतेही कारण नव्हते. फळीवर ती ना उपयोगी होती, ना अडथळा. अशा जागी मी आता वाद घालत नाही. ती ज्याच्या पैशाची वस्तू आहे त्याची आवड असते आणि ती मान्य केल्याने माझी दृष्टी उणी ठरत नाही. मात्र काही गोष्टी आवडीच्या कक्षेतच येत नाहीत, हे मी आधीच लिहून देते. या पाकिटाची पुढची बाजू साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच होती, आणि १०० ते ५०० चौरस सेंटिमीटरच्या दर्शनी भागावर शाकाहारी चिन्हातल्या हिरव्या वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर ठेवावाच लागतो. चौकट जाड करण्यासाठी ते चिन्ह बारीक करावे, ही सूचना मी एका वाक्यात नाकारली.

स्वतःविषयीच्या शंकेवर मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे काम सुरू करण्याआधी, नकार येण्यापूर्वी, माझे निकष कागदावर लिहून ठेवणे. या पाकिटासाठी ते तीनच होते : नाव लांबून वाचता यावे, रंग काढून करड्या छटांत पाहिल्यावरही अक्षरे पार्श्वभूमीत मिसळू नयेत, आणि फोनवर नखाएवढे दिसले तरी गोडा मसाला ओळखता यावा. नाकारलेली लाल आणि हिरवी पाकिटेही मी याच कसोट्यांवर तपासली. हिरवे करड्या छटांत खरोखरच कमकुवत निघाले, लाल मात्र तिन्ही कसोट्यांना उतरले. लाल नाकारले गेल्याचे वाईट वाटले, पण ते वाईट काम होते असे मला स्वतःला पटवून द्यावे लागले नाही.

आवडीच्या फेऱ्यांना शेवट असावा, यासाठी मी छपाईच्याच पद्धतीचा आधार घेतला. लवचीक पाकिटांच्या ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे तो कोरल्यानंतर केलेला बदल म्हणजे नव्या सिलिंडरचा खर्च. हे मुलाला सांगितल्यावर अंतिम प्रूफवर घरातल्या एकाच माणसाने सही करायची, हे त्यानेच घरात ठरवून घेतले. माझ्या दरपत्रकात आता तीन फेऱ्या धरलेल्या असतात, त्यापुढच्या फेरीचे वेगळे बिल लागते आणि सर्वांचे अभिप्राय एकत्र करून एकाच व्यक्तीने पाठवायचे असतात. सोनेरी चौकटीची फेरी या नियमाप्रमाणे जादा ठरली. काकांनी बिल पाहून ‘एवढ्याशा चौकटीचे?’ म्हणून कुरकुर केली आणि दुसऱ्या दिवशी पैसे पाठवून दिले.